ठरल्याप्रमाणे

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत पाइपही बनायचे आणि चटयाही. माझ्या जागेवरचा आधीचा सेल्समन एकही नोंद न ठेवता सोडून गेला होता, फोनही उचलत नव्हता. साहेब म्हणाले, "शिरपूरच्या पार्टीला आजच फॉलोअपचा मेल टाका." बोलणं कशाबद्दल झालं होतं, असं विचारलं, तर खेकसले, "ते तुम्ही बघा!"

माझंही डोकं फिरलं. मी मोघम लिहिलं, "आपल्या चर्चेनुसार पुढे जायचं का, कृपया कळवावे." पाइपचं नाव नाही, चटईचं नाही.

दहा मिनिटांत उत्तर आलं, "हो. ठरल्याप्रमाणे माल पाठवा."

आता कोणत्या तोंडानं विचारणार? साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि विचारलं, "बोला, गाडीत काय भरायचं?"