हिरवं शून्य

आमच्या अंबडच्या ऑफिसात उज्ज्वलाताईंना पाठीमागे 'स्पीडब्रेकर' म्हणायचे. ते नाव मीच ठेवलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. खोलीतल्या सेन्सरकडून तापमान घ्यायचं, पडद्यावर दाखवायचं, वाढलं की भोंगा वाजवायचा. आम्ही सहा जणांनी लिहिलेला कोड ग्राहकाकडे जाण्याआधी ताई तपासायच्या, आणि तेही उलट्या बाजूने. आधी शेवटची फाईल, आणि त्यातही 'काही बिघडलं तर काय करायचं' तेवढा भाग. त्यांचं घर सायखेड्याला, टोमॅटोची शेती; माल जाळ्यांत, म्हणजे प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून बाजारात जायचा. म्हणायच्या, "वरचा थर सगळेच चांगला लावतात, हर्षल. माल बघायचा तर जाळी उलटी करायची."

मग ऑफिसात कोड लिहून देणारा एआय सहाय्यक आला आणि माझी चांदी झाली. तीन आठवड्यांचं काम चार दिवसांत होऊ लागलं. सहा वाजता घरी जाऊन मी पोरीला सायकल शिकवली. खोटं कशाला बोलू, ताईंनाही तो आवडायचा. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला गुंता तो त्यांना पाच मिनिटांत उलगडून सांगायचा. पण लिहिणारे सहा जण धावत सुटले आणि वाचणाऱ्या ताई एकट्याच राहिल्या. त्यांच्याकडे ढीग साचत गेला.

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला. आमच्या मालकांनी, सुनील सरांनी, सगळ्यांसमोर सांगितलं, "ताई, शुक्रवारपर्यंत द्राक्षांच्या शीतगृहाचं काम पास झालं नाही, तर तपासणी मी दुसऱ्याकडे देतो." डिप्लोमावर लागलेली ही बाई बारा वर्षांनी त्या खुर्चीवर पोचली होती.

माझं काम अडतीस फायलींचं होतं. वर मी लिहिलं होतं, 'सगळ्या चाचण्या पास.' शुक्रवारी पाच वाजता ताईंनी ते मंजूर केलं. मला बरं वाटलं.

शनिवारी सुट्टी. सकाळीच ताईंचा फोन आला. "गाडी काढ. शीतगृहावर जायचंय. सोमवारी माल भरतील."

"झालं काय?"

"काल मी जाळी उलटी केली नाय."

सॉफ्टवेअर आदल्या संध्याकाळीच तिथे चढवलं होतं. खोली रिकामी, मशीन बंद, दार सताड उघडं. पडद्यावर सत्तावीस अंश. ताईंनी स्टुलावर चढून सेन्सरची वायर उपसली. पडद्यावर आकडा बदलला. शून्य, तेही हिरव्या रंगात.

मी, ताई आणि तिथला ऑपरेटर बहिरू, तिघं घाम पुसत उभे होतो. बहिरू खूश झाला. "शून्य म्हंजे एकदम बरोबर टेंपरेचर हाय, मॅडम. द्राक्षाला हेच लागतं."

मी लॅपटॉप उघडून तो भाग शोधला. जुन्या कोडमध्ये सेन्सरचं उत्तर आलं नाही की आकड्याच्या जागी रेघ यायची आणि भोंगा वाजायचा. सहाय्यकाने तिथे लिहिलं होतं, उत्तर आलं नाही तर शून्य धरा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात शून्य बघून कुणाला तरी शंका आली असती. द्राक्षांच्या खोलीत शून्य म्हणजे सगळं आलबेल. वायर तुटली असती तर आत माल सडला असता आणि भोंगा गप्प राहिला असता. चाचण्याही त्यानेच लिहिलेल्या. त्यातली एक तर हेच तपासत होती, की सेन्सर बंद पडला तर शून्य येतं ना. येत होतं, म्हणून पास. त्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या.

तिथेच बसून आम्ही जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं. वायर पुन्हा उपसली, रेघ आली आणि भोंगा असा ठणाणला की बहिरूने कानांवर हात ठेवले.

सोमवारी ताईंनी आपणहून सुनील सरांना सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, "लिहिलं कुणी होतं?"

"मंजुरी माझी होती," ताई म्हणाल्या.

मला गप्प बसता आलं असतं. पण उठलो. "काम माझं होतं, सर. न वाचता पुढे ढकललं. ताईंना वेळ मिळाला असता तर त्यांनी शुक्रवारीच पकडलं असतं."

सर म्हणाले, "ताई, तपासणी तुमच्याकडेच. दिवस किती लागतील ते तुम्ही सांगायचं."

जिन्यात मी त्यांना म्हटलं, "घाई होती म्हणून राहिलं, ताई. तुमची चूक नव्हती."

"घाई होतीच. पण पाच जणांच्या जाळ्या त्या घाईतसुद्धा उलट्या केल्या मी." एक पायरी उतरून त्या थांबल्या. "तुझी तेवढी नाय केली, भरवशावर सोडली. वर तुझं नाव होतं ना."