फुटलेल्या डाळिंबांचा हिशोब

आमच्या वहिनीला फळाच्या मनातलं कळतं, असं दादा चारचौघांत सांगतो. मला हे कौतुक फारसं पटत नाही. फळाला मन नसतं. त्याला भाव असतो, आणि तो ऋतू बदलला की माणसासारखा डोळे फिरवतो. पण दादा नवरा आहे आणि मी नणंद, तेव्हा आमची मतं जुळायची नाहीतच.

वहिनीचा ज्यूस बार पोहण्याच्या तलावाच्या फाटकाला लागून आहे. दोन मिक्सर, एक रस काढायचं यंत्र, एक फ्रीजर आणि समोर पाच उंच स्टुलं. लग्नाआधी ती फळांच्या शीतगृहात निवड करायला होती. पपई नुसती हातावर तोलून ती सांगते, ही आज कापा, ही परवा. सकाळी तलावातून ओल्या केसांची मंडळी येतात, दुपारी शेजारच्या व्यायामशाळेतले दंड फुगवलेले वीर येतात. त्यातल्या एका निवृत्त वकिलांचं नाव आम्ही 'बर्फकमी' ठेवलंय. बर्फ कमी घातला की ग्लासात रस जास्त जातो, हे त्या गृहस्थांना पक्कं ठाऊक आहे. वहिनीलाही ठाऊक आहे, तरी ती त्यांना हसून तसाच ग्लास देते. मी असते तर बर्फाची लादीच पुढे ठेवली असती.

यंदा तलावाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं की जागेचा करार संपतोय, पुढची तीन वर्षं हवी असतील तर भाडं वाढेल आणि महिनाअखेरपर्यंत सही हवी. त्या रात्री भांडी आवरताना वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही छापखान्याचा हिशोब बघता. माझाही एकदा बघा ना. दुकान चालतंय की नुसतं धावतंय, तेच कळत नाही मला."

मी दुसऱ्या दिवसापासून कामावरून परत येताना तिच्या दुकानात बसायला लागले.

पहिला दोष सापडायला वेळ लागला नाही, कारण तो भिंतीवर होता. दादाचं अक्षर सुरेख. दुकान उघडलं तेव्हा त्याने सगळे दर ऑइलपेंटने रंगवून दिले होते, वर एक हसरं संत्रंही काढलं होतं. डाळिंबाचा रस, शंभर. हंगामात डाळिंब ऐंशी रुपये किलो असतं आणि किलोभरात जेमतेम दोन ग्लास रस निघतो. म्हणजे ग्लासाला चाळीसचं फळ. ठीक आहे. पण हंगाम सरला की तेच डाळिंब दोनशेवीसला जातं. मग एकशेदहाचं फळ पिळून आम्ही शंभराला विकतो, वर वीज, पेला आणि वहिनीचं मनगट दुखवून घेणं फुकट. याला व्यापार म्हणत नाहीत, आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात.

"मग दर बदलायचे?" वहिनी म्हणाली. "पण त्यांनी एवढ्या हौसेने रंगवलंय."

"हौसेचं संत्रं राहू दे. आकडे पुसू."

पण डाळिंबाने एवढं मोठं भोक पडत नव्हतं. केळ्याची स्मूदी बाराही महिने खपत होती आणि तीत चांगले पैसे सुटत होते. तिने सगळी बाजू सावरायला हवी होती. कागदावर दुकान नफ्यात होतं, गल्ल्यात मात्र खडखडाट. मी विचारलं, "नासाडी किती?"

वहिनीची मान जरा ताठ झाली. "माझ्या दुकानात काही वाया जात नाही."

हे खरंच होतं. टाकाऊच्या बादलीत सालं, बिया आणि चोथा यापलीकडे काही नसायचं. मऊ पडलेली पपई, डाग पडलेली स्ट्रॉबेरी, उललेली अंजिरं, सगळं ती संध्याकाळी कापडी पिशवीत भरून घरी आणायची. आम्ही जेवण झाल्यावर ताव मारायचो. फळं विकत आणलेली मला आठवतच नाहीत. दादा तर पिशवी रिकामी करताना म्हणायचा, "आपल्याकडे फळ फुकट आहे बाबा, राजेरजवाडे आपण."

मी आठवडाभर तराजू लावला. घेतलेली फळं एकीकडे, दुकानात कापलेली दुसरीकडे, आणि घरी येणारी पिशवी तिसरीकडे. आठवड्याच्या शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला हसूही आलं नाही. दहा किलो फळ घेतलं, तर अडीच किलो पिशवीतून घरी येत होतं. फेकलं नाही म्हणून वहिनी त्याला नासाडी धरत नव्हती. पण विकलंही नव्हतं. दहा किलोचे पैसे साडेसात किलोने भरून काढायचे होते. ज्या ग्लासात ती तीसचं फळ धरत होती, त्यात खरं तर चाळीसचं होतं. चार वर्षं आम्ही घरी बसून दुकानाचा नफा चमच्याने खात होतो, आणि वर बिया थुंकत होतो.

वहिनीला समजावलं तेव्हा ती लगेच समजली. उपायही तिनेच काढले. फ्रीजर निम्मा बर्फाने भरलेला असायचा. बर्फ बाहेरून घ्यायचा आणि त्या जागेत पिकली केळी सोलून, स्ट्रॉबेरी स्वस्त असताना साफ करून गोठवायची. गोठलेल्या केळ्याने स्मूदी दाट होते, बर्फही कमी लागतो. अंजीर आणि पपई रोज थोडी थोडी घ्यायची. सगळं ती पटापट सांगत गेली, आणि पिशवीचा विषय आला की पुसायला काही नसलेला ओटा पुसायला लागली.

माझ्या मनात एक गोष्ट अडकली होती. अंजीर दोन दिवसांत बसतं, स्ट्रॉबेरी तर बघता बघता मान टाकते. पण डाळिंब? जाड सालीचं फळ, पंधरा दिवस त्याला काही होत नाही. मग पिशवीत रोज एक फुटलेलं डाळिंब कुठून येतं, तेही हंगाम नसताना?

एका संध्याकाळी मी जरा लवकर पोहोचले. गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिने टोपलीतलं सगळ्यात मोठं डाळिंब उचललं, कानाजवळ नेऊन बोटाने वाजवून बघितलं, आणि ओट्याच्या कडेवर हलकेच आपटलं. साल उलली. तिने ते पिशवीत ठेवलं.

"वहिनी," मी म्हटलं.

ती दचकली. मग स्टुलावर बसली. "आई विकतचं खात नाहीत, वन्सं."

ते मला सांगायची गरज नव्हती. माझी आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, पेन्शन घेते, पण स्वतःवर दमडी खर्च झालेली तिला चालत नाही. आम्हाला वाढून झाल्यावर उरलं तर तिचं जेवण. नवी साडी दिली की कपाटात. थंडीत ती महिनाभर तापाने पडली, तेव्हापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले होते. डॉक्टरांनी फळं द्या म्हटलं, तर हिने विचारलं, "केवढ्याला आणलं?" आणि ताटली सरकवून दिली.

"वाया जाणार आहे म्हटलं की मात्र हात पुढे येतो," वहिनी म्हणाली. "मग एक दाणाही टाकत नाहीत. सगळं डाळिंब संपवतात. म्हणून मी... चांगलं फळ फोडताना जिवावर येतं हो माझ्या. पण त्या खातात ना."

माझी आई, आणि तिला भूक कशाने लागते हे शोधून काढलं होतं दुसऱ्या घरातून आलेल्या बाईने. त्या क्षणी मला वहिनीविषयी फार माया वाटली, आणि स्वतःची थोडी लाज.

"मी हिशोब केलाय मनात," ती म्हणाली. "पिशवी बंद केली तर भाडं निघतं. पण पिशवी बंद केली तर आई जेवणार नाहीत. आणि दुकानच बंद केलं, तर पिशवीही नाही आणि दुकानही नाही. मी सही कशाच्या जोरावर करू?"

मी म्हटलं, पिशवीचे पैसे दादा आणि मी दुकानाला देऊ, घेतलेल्या भावाने. ती म्हणाली, ते आईंना एक दिवस कळेलच आणि त्या ताटली सरकवतील. त्या दिवसाची पिशवी घेऊन आम्ही दोघी घरी आलो.

त्या रात्री दादाने पिशवी उघडली आणि नेहमीचं पालुपद सुरू केलं. फुकटचं फळ, राजेरजवाडे. माझ्या नाकावर राग असतो, तो जिभेवर उतरला. मी म्हटलं, "फुकट नाहीये ते. ही पिशवी दुकान खातेय. महिनाअखेर सही करायची आहे आणि वहिनीला करता येत नाहीये." डाळिंब कसं फुटतं ते मात्र मी सांगितलं नाही.

दादाचा हात पिशवीतच राहिला. आईने माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. ताटलीत सोललेले दाणे होते. आईने ताटली सरकवली आणि पाणी पिऊन झोपायला गेली. वहिनी मला रागावली नाही, ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवशीही आईने भाताचे चार घास घेतले आणि उठली. बोलून मी सगळं घालवलं, असंच मला वाटत होतं.

रविवारी मी दुकानात होते. दादाने स्वतः आपले आकडे घासून काढले होते आणि तिथे पाटी लावली होती, खडूने लिहायची. वहिनीने डाळिंबाच्या रसापुढे ग्लासाचा आजचा दर लिहिला, दोनशे चाळीस. लिहून झाल्यावर तिचंच तोंड उतरलं. 'बर्फकमी' आले, पाटी वाचली आणि केळ्याची स्मूदी मागवली.

तेवढ्यात फाटकातून आई येताना दिसली. ताप आल्यापासून ती एकटी एवढं चालली नव्हती. तिने जपून ठेवलेली साडी नेसली होती, घडीच्या रेघांसकट. वहिनी धावत पुढे गेली, तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं. स्टूल उंच, आईचे पाय खाली टेकत नव्हते.

आईने चष्मा लावून पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाली, "एक डाळिंबाचा दे."

"आई, घरी आणते ना मी..."

"घरचं नको. पाटीवरचं दे. आणि ते डाळिंब आपटलेलं नको. पिकून उललेलं आणि आपटून फोडलेलं मला ओळखता येत नाही, असं वाटलं होय तुला?"

वहिनीने दोन डाळिंबं घेतली, सोलली, दाणे यंत्रात घातले. आईने ग्लास दोन्ही हातांत धरून सावकाश संपवला, मधेच थांबून श्वास घेत, आणि तळाशी काही उरलं नाही याची खात्री केली. मग कमरेची पिशवी उघडून तिने पेन्शनमधल्या शंभराच्या तीन नोटा काढून ओट्यावर ठेवल्या.

"उद्या परत येईन," ती म्हणाली. "सही करून टाक."

वहिनीचे डोळे भरून आले होते. तिला त्या नोटा परत द्यायच्या होत्या, हे तिच्या हाताकडे बघून मला कळत होतं. तिने त्या उचलल्या, गल्ल्यात टाकल्या, आणि साठ रुपये मोजून आईच्या हातावर ठेवले. एक पैसाही कमी घेतला नाही.