पहिल्या दोन रांगा सायन्सच्या

आमच्या शाळेत दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतर ‘दहावीनंतर काय’ हा कार्यक्रम असतो आणि सलग अकरा वर्षं तो मीच घेत आले. सिडकोतली शाळा. बहुतेक पालक अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला. त्यांना एवढंच हवं असतं, कुणीतरी ठामपणे सांगावं, पोराला कुठं टाकायचं. मी ठामपणे सांगायचे. हॉलमध्ये मुलांना पूर्वपरीक्षेच्या टक्क्यांप्रमाणे बसवायचे. पहिल्या दोन रांगा सायन्सच्या, मधल्या कॉमर्सच्या, मागच्या आर्ट्सच्या, आणि अगदी भिंतीला टेकलेले आयटीआयचे. मला स्वतःला ही पद्धत फार सोयीची वाटायची. बोट दाखवलं की काम झालं.

यंदा मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “मॅडम, या वेळी बाहेरच्या समुपदेशक बोलावतोय. तुम्हाला जरा विश्रांती.” विश्रांती म्हणे! विश्रांती कुणी मागितली होती? आणि बोलावलं कुणाला, तर माझ्याच बालमैत्रिणीला.

निफाडजवळच्या एका गावात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. दहावीला मी शाळेत पहिली आले, ती सातवी. माझ्या वह्या ती उतरवून घ्यायची. मी सायन्सला गेले तेव्हा गावानं पेढे खाल्ले, ती आर्ट्सला गेली तेव्हा लोक तिच्या आईला समजावायला गेले, जाऊ द्या, पोरीची जात आहे. आणि आता तीच माझ्या शाळेत, माझ्या हॉलमध्ये, माझ्या माइकवर. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

ती आली तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला तपासणी अधिकाऱ्यांसाठी ठेवलेल्या कपातून चहा दिला. अकरा वर्षांत त्या कपाला माझा हात लागलेला नाही. ती मात्र मला बघून धावतच आली आणि गळ्यात पडली. “अगं, किती वर्षांनी!” मी हसले. हसताना माझे गाल दुखले.

हॉलमध्ये मी सवयीनं टक्क्यांप्रमाणे मुलं बसवून ठेवली होती. माझी मुलगीही दहावीलाच, ती पहिल्या रांगेत. मैत्रिणीनं एक नजर टाकली आणि माइक हातात घेऊन पहिलंच वाक्य बोलली, “उठा सगळे. ज्याच्याशेजारी बसायला आवडतं त्याच्याशेजारी बसा.” हॉलमध्ये हलकल्लोळ. माझी मुलगी उठून चौथ्या रांगेत जाऊन बसली, गणितात जेमतेम पास होणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीजवळ. मी मागे दाराशी उभी होते. वाटलं, आता ही बाई पोरांपुढं आर्ट्सची जाहिरात करणार. स्वतः आर्ट्सची ना!

पण तिनं तसं काही केलं नाही, आणि तेच मला जास्त खुपलं. कुठल्याच शाखेची तारीफ नाही, कुठल्याच शाखेची निंदा नाही. फळ्यावर तिनं एकच प्रश्न लिहिला, ‘हे घेतलं तर पुढं काय उघडतं आणि काय बंद होतं?’ मग सरळ बोलत गेली. सायन्समध्ये गणित सोडून बायोलॉजी ठेवली तर मेडिकल, फार्मसी, शेतकी हे रस्ते राहतात, पण इंजिनिअरिंगचा नेहमीचा रस्ता बंद होतो. बायोलॉजी सोडली तर उलटं. दोन्ही ठेवता येतात, मात्र अभ्यास दुप्पट, हे घरी नीट बोलून घ्या. मेडिकलला परीक्षा देणारे पुष्कळ, जागा थोड्या, ही गोष्ट कुणी लपवत असेल तर त्याचं ऐकू नका. सायन्सवरून पुढं कॉमर्स-आर्ट्सला जाता येतं, पण बारावी आर्ट्स करून बीएस्सीला जाता येत नाही. वकिलीला बारावी कुठल्याही शाखेची चालते. सीए व्हायचं तर कॉमर्स सोयीचं, पण ती परीक्षा वर्षानुवर्षं चालते आणि बरेचजण मधेच सोडतात. डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. आयटीआय लवकर हाताला काम देतं, पण ट्रेड बघून घ्या, आणि कंपनीत जाऊन आधी ते काम डोळ्यांनी बघून या.

“आणि एक,” ती म्हणाली, “अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पहिल्या पसंतीचं कॉलेज फार विचार करून टाका. ते मिळालं आणि तुम्ही घेतलं नाहीत तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर पडता. शेजारच्यानं टाकलं म्हणून टाकू नका.”

माझी मान आपोआप खाली गेली. मी अकरा वर्षांत पोरांना ‘पहिलं नामवंत कॉलेज टाका, बाकी बघू’ असंच सांगत आले होते.

एक बाप उठला. कंपनीचा निळा शर्ट, रात्रपाळी करून आलेला. “मॅडम, मूळचे आम्ही नामपूरकडचे. पोरगी हुशार हाय, पण तिला चित्रंच लय आवडतात. सायन्स घेतलं तर चित्रं जातील, चित्रं घेतली तर मार्क वाया जातील. काय करू?”

मी असते तर क्षणात म्हणाले असते, सायन्स. ती म्हणाली, “मला नक्की सांगता येणार नाही, दादा. डिझाइनच्या बऱ्याच कोर्सना बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण प्रवेशपरीक्षा असते. आर्किटेक्चरला मात्र गणित लागतं. तिला विचारा, तिला इमारतींची चित्रं आवडतात की माणसांची.” हॉल हसला. बापही हसला. पोरगी उठून म्हणाली, “दोन्ही.” तर ही म्हणाली, “मग गणित ठेव बाई, निदान दारं उघडी राहतील.” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘नक्की सांगता येणार नाही’ म्हणून कुणी टाळ्या मिळवतं का? मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग कुणीतरी विचारलं, तुम्ही आर्ट्स का घेतलं. ती म्हणाली, “मार्क कमी होते म्हणून. आवड नंतर लागली. एम.ए. झाल्यावर चार वर्षं धड नोकरी नव्हती, येवल्यात एका दुकानात पैठण्यांच्या घड्या घालत होते. तेव्हा रोज वाटायचं, सायन्स घ्यायला हवं होतं.” मला हे ठाऊकच नव्हतं. आणि त्यातही मला काय वाटलं असेल, तर हेवाच! आपलं अपयश शे-दीडशे पोरांसमोर असं सांगून मोकळं होता येतं, मेलं हे मला का जमू नये? मी प्रत्येक वर्षी छाती काढून सांगायचे, ‘बघा, मी सायन्सची.’ पुढचं गिळायचे. बारावीनंतर मेडिकल हुकलं, एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा हुकलं, मग बीएस्सी, बीएड आणि ही शाळा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी मात्र डोकं फिरलं की भांडी आपटत म्हणायचे, त्या सायन्सनं माझं वाटोळं केलं.

शेवटी माझी मुलगी उठली. हात बांधून, अगदी शांत आवाजात म्हणाली, “घरातलं एक माणूस शाळेत सांगतं की हुशार मुलांनी सायन्सच घ्यावं आणि घरी सांगतं की सायन्सनं वाटोळं केलं. यातलं खरं कोणतं धरायचं?”

शे-दीडशे माना दाराकडं वळल्या. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं झालं. मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलंही नाही. “दोन्ही खरं असू शकतं,” ती म्हणाली. “त्या माणसाला सायन्सनं काय दिलं आणि काय घेतलं, हे त्यालाच विचार. मी सांगितलं तर तो नुसता अंदाज. आणि त्या माणसाचं जे झालं तेच तुझं होईल, असंही नाही.”

कार्यक्रम संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी तिला गाठलं. “माझ्या पोरीला माझ्याविरुद्ध उभं केलंस!”

“अगं, मी काय केलं? तुलाच विचार म्हटलं की.”

“माझ्याकडं यायचं सोडून ती तुझ्याकडं आली, हे काही तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही का?”

ती जवळ आली. माझा हात धरू पाहत होती, मी तो सोडवून घेतला. तिनं पर्स उचलली आणि जाताना इतकंच म्हणाली, “वह्या कायम तुझ्याच चांगल्या होत्या गं.” तेही मला झोंबलं.

संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. मी मटार सोलत होते. तिच्या हातात शाळेनं दिलेली चिठ्ठी होती, पसंतीची शाखा लिहायची आणि खाली पालकांची सही. कोरीच होती. मी तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. दोनदा हुकलेली परीक्षा, ते घरी बसलेलं वर्ष, शेजारणी आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसणं. हेही सांगितलं की बायोलॉजीवर माझा जीव होता. जास्वंदीचं फूल ब्लेडनं उभं चिरून बघण्यात माझी जेवणाची सुट्टी जायची, घंटा ऐकू यायची नाही. डोळ्यांतलं पाणी मटारांत पडलं.

“एवढं आवडत होतं?” ती म्हणाली.

“हो. आणि पुन्हा विचारशील तर पुन्हा घेईन. फक्त कुणीतरी जागा किती थोड्या आहेत ते आधी सांगितलं असतं तर हाताशी दुसरा रस्ता ठेवला असता.”

तिनं पेन उघडलं. विज्ञान लिहिलं, पुढं बायोलॉजी आणि गणित, दोन्ही. मी म्हटलं, अगं, दुप्पट अभ्यास. ती म्हणाली, माहीत आहे, पण एक हुकलं तर दुसरं राहतं. मग चिठ्ठी माझ्याकडं सरकवली आणि पेन मात्र हातातच धरून ठेवलं.

“मला पहिल्यापासून हेच घ्यायचं होतं, आई. पण मी त्या मॅडमना विचारलं, तुला नाही. मला वाटायचं, मला मेडिकल मिळालं तर तू माझ्यावर जळशील.”

“काहीतरीच बोलतेस,” मी म्हणाले, आणि तिच्या हातातून पेन घेऊन सही केली. पण ती ‘मिळालं तर’ म्हणाली ना, त्या क्षणी मी खरंच जळले होते.