निरंक

पुष्पाबाई धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडीत मदतनीस होती. तिची मुलगी शिल्पा बाळंतपणाला माहेरी आली होती. चौदा जूनला दुपारी तिला आरोग्य केंद्रात नेलं. रक्त थांबेना, जळगावला हलवायला हवं होतं. "गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली," असं सांगितलं गेलं. चार वाजता शिल्पा गेली, बाळही गेलं.

पुष्पाबाईनं माहिती अधिकारात अर्ज केला. दोनच गोष्टी मागितल्या: त्या दिवशीच्या रुग्णवाहिकेच्या लॉगबुकची प्रत आणि चालकाच्या हजेरीची. उत्तर आलं. हजेरीचं पान जोडलेलं होतं. लॉगबुकपुढे एकच शब्द होता: निरंक.

ती ते घेऊन वाल्मीकनानांकडे गेली. नाना तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून.

"नाना, हाई निरंक म्हणजे काय शे?"

"काही नाही, असा अर्थ. पण काय नाही? वही ठेवलीच नाही, की हरवली, की त्या दिवशी नोंदच नाही? हे सांगितलेलं नाही, कारणही दिलेलं नाही. म्हणजे उत्तर अर्धं आहे."

"मंग नवा अर्ज करू?"

"नको. पहिलं अपील कर. उत्तर हातात कधी पडलं?"

"अठरा दिस झाले."

"तीस दिवसांची मुदत असते. अजून बारा आहेत." नानांनी पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहिला आणि पाकीट जपून ठेवायला सांगितलं. काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं एवढंच त्यांनी अपिलात लिहिलं. नवा प्रश्न घालू दिला नाही. अर्जाची आणि उत्तराची प्रत जोडली, वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. उत्तराच्या तळाशी ज्या अपिलीय अधिकाऱ्याचा पत्ता होता, तिथे देऊन पोच घेतली.

महिन्याभरात सुनावणी लागली. माहिती अधिकारी म्हणाले, "वही जुनी आहे, सापडत नाही."

पुष्पाबाई उभी राहिली. "मी भांडाले नही ऊनू, साहेब. सापडत नही, हाईच लिहून द्या."

अपिलीय अधिकाऱ्यानं आदेश दिला: वही शोधा, पंधरा दिवसांत साक्षांकित प्रत विनामूल्य द्या.

बाराव्या दिवशी वही सापडली. पानावर होतं: 'वाहन दिवसभर आवारात उभे. चालक रजेवर.' हजेरीच्या पानावर मात्र त्याच दिवशी चालकाची सही होती.

"आता यांना शिक्षा होईल ना?" तिनं विचारलं.

"या कायद्यानं कागद मिळतो," नाना म्हणाले. "शिक्षेसाठी वेगळी तक्रार करावी लागेल."

दोन्ही पानं जोडून तिनं जिल्ह्याला तक्रार केली. चौकशीत निघालं: चालक हजर होता, गाडी केंद्राच्या डॉक्टरांनी थांबवली होती. कंत्राटी चालक समाधान याला घरी बसवलं. डॉक्टरांची फक्त बदली झाली, त्यांनी स्वतःच मागितलेल्या ठिकाणी.

समाधानची बायको सारिका रोज मुलीला अंगणवाडीत सोडायला येते. पुष्पाबाईकडे बघत नाही. पुष्पाबाई तिच्या मुलीला खिचडी वाढते.