आपाची सहावी आयत

रविवार, अठरा जानेवारी. अकोला, जुने शहर. हजर: आपाची मुलगी नसरीन, तिचे मिस्टर, गल्लीतल्या सात बायका आणि मी. आपाला जाऊन चाळीस दिवस झाले, म्हणून कुराण पढायला सगळ्या जमल्या होत्या. मी सकाळच्या बसने अमरावतीहून आले.

आपा गल्लीतल्या मुलींना कुराण पढवायची, पण चूक कधी सांगत नसे. पढताना मुलगी चुकली की एक बोट वर करी आणि थांबे. मुलीला आठवेपर्यंत बोट तसंच. एकदा मी म्हटलं, "सांगून टाका ना आपा, रडून राहिली ते." आपा म्हणाली, "म्या सांगितलं तं ते माह्यं राहीन, तिचं नाई."

आमचं घर तिच्या घराला लागून. आम्ही बौद्ध. मी तिच्या ओसरीवर गृहपाठ करायची आणि मुलींच्या सुरती, कुराणातले अध्याय, आपोआप कानात बसायच्या. त्यातली सर्वांत अवघड, सूरह काफिरून. आयती, म्हणजे ओळी, सहाच, पण तिसरी आणि पाचवी अक्षरशः एकच. 'मी ज्याची इबादत करतो त्याची तुम्ही करणार नाही.' पाचवी संपली की सहावीवर जायचं, पण जीभ तिलाच तिसरी समजते आणि पुन्हा चौथीवर जाते. मुली घाण्याच्या बैलासारख्या फिरत राहायच्या. सहावी काही केल्या येईना: 'तुम्हाला तुमचा धर्म, मला माझा.'

एकच गोष्ट दोनदा कशाला, हे आपा असं सांगे: मक्केतले सरदार सौदा घेऊन आले. एक वर्ष तुम्ही आमच्या देवांना पूजा, एक वर्ष आम्ही तुमच्या अल्लाहला पुजतो. त्यावर ही सूरत उतरली. पहिल्यांदा आजचं नाही, दुसऱ्यांदा पुढचंही नाही. "वर्ष वाटून घेतं का कोणी? बटईची जमीन आहे का ते?"

मी विचारलं होतं, "काफिर म्हंजे आमी का, आपा?" ती म्हणाली, "हे सौदा आनणाऱ्याइले म्हटलं. तुह्या बापानं कधी आनला का सौदा?" नव्हता आणला. आमच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा होत्या, त्यांतही 'मानणार नाही' होतंच. आपाने त्या एकदा माझ्याकडून वाचून घेतल्या आणि म्हणाली, "बापाले सांग, पक्कं काम आहे."

गेल्या दिवाळीनंतर तिची आठवण विरत गेली. मी दर शनिवारी येऊन आपाला सांभाळायची, नसरीनला तेवढी सुट्टी द्यायची. औषधांचा तक्ता मी भिंतीवर लावला होता. नमाज मात्र आपा खुर्चीवर बसून वेळेत पढायची. बाया हलक्या आवाजात पढतात. पण तिला ऐकू कमी येई, म्हणून तिचं पढणं खोलीभर ऐकू यायचं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या, सुन्नतीत पहिल्या रकातीला, पहिल्या आवर्तनाला, ती हीच सूरत पढे. आता तिथेच अडकायची. पाचवीनंतर चौथी, पाचवी, परत चौथी. खरं तर तीन छोट्या आयती झाल्या की अडलेल्याने सरळ रुकूत जावं, म्हणजे वाकावं, हे तिनेच मुलींना शिकवलेलं. ते तिला आठवेना. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोनदा ती मध्येच नमाज सोडून रडली होती.

त्या शनिवारी तिसरा फेरा झाला, तिचा आवाज कापू लागला. मी तिच्या कानाशी सहावीची सुरुवात म्हटली, "लकुम दीनुकुम."

"लकुम दीनुकुम वलिय दीन," आपा म्हणाली आणि रुकूसाठी वाकली.

सलाम फेरून नमाज संपवली आणि तिने मान वळवली. "वंदे, तू बोललीस का मले आठवलं?"

मला नियम ठाऊक होता. जो त्या नमाजेत नाही त्याच्या सांगण्यावरून पढलं, तर नमाज तुटते; परत पढावी लागते. आपलं आपल्याला आठवलं, तर राहते. धर्माचा प्रश्न नव्हता, नसरीन बोलली असती तरी तेच. आपाचे पाय सुजले होते. परत पढली असती तर परत अडकली असती.

"तुमालेच आठवलं, आपा."

"खरं?"

"खरं."

ती हसली. तसबीहची माळ हातात घेतली. "पाय बरं, अजून डोकं शाबूत आहे." नंतर ती सूरत तिने पूर्ण पढलेली मी ऐकली नाही. दहा दिवसांत ती गेली.

आज बायका उठल्यावर नसरीन चहा देत त्यांना सांगत होती, "अम्मीनं आखिरपर्यंत ते सूरत आपल्या मनानं पुरी केली. वंदूच्या समोर." मला विचारलं, "हो का नाई, वंदू?" मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, हो.

परतीच्या बसमध्ये यादी काढली. व्हीलचेअर परत, झाली. उरलेली औषधं दवाखान्यात, झालं. मुलींची कुराणं मदरशात, झालं. नसरीनला खरं सांगणे. त्यापुढे खूण केली नाही.