सिंगल रूमची वजावट

माझ्या हातून घडलेला एक गाढवपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याविषयी भलता आदर वाटायला नको. मी हॉस्पिटलात सिंगल रूम घेतली. का घेतली? तर भेटायला येणाऱ्या माणसांना बसायला जागा हवी म्हणून.

तेव्हा मी अवघी एकाहत्तर वर्षांची होते. त्या वयात अक्कल कुठून असणार?

झालं असं की नेरूळच्या आमच्या सोसायटीत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय सटकला आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. वॉचमनने रिक्षा बोलावली, शेजारीण बरोबर आली. डॉक्टर म्हणाले, प्लेट बसवावी लागेल. नातेवाइकाच्या रकान्यात शेजारणीने सही केली आणि ती बिचारी ऐरोलीला आपल्या ऑफिसात गेली. मग अॅडमिशनच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "ट्विन शेअरिंग की सिंगल?"

आता आमचे हे गेले तेव्हाची, म्हणजे त्याच्या आधीच्या आजारपणाची गोष्ट माझ्या डोक्यात होती. तेव्हा दोघांत एक खोली होती आणि भेटायला आलेली माणसं कॉरिडॉरमध्ये उभी. शेजारच्या पेशंटची बायको माझ्याकडे असं बघायची की जणू मी लग्नाचा हॉल भाड्याने घेतलाय. ते आठवून मी ऐटीत म्हटलं, "सिंगल. सोफा आहे ना?"

सोफा होता. तिघं आरामात बसतील असा. तीन दिवस त्यावर माझी पर्स बसली.

यांना भेटायला आलेल्यांपैकी कितीजण आता नेरूळमध्ये उरलेत, हा हिशोब मी केलाच नव्हता. कुणी मुलाकडे पुण्याला, कुणी लेकीकडे अमेरिकेला, कुणी त्याहून लांब. हास्य क्लबच्या ग्रुपवर मी फोटो टाकला, तर चौदा गुलाब आले, सगळे फोनमध्ये. खोली पुसायला येणारी मावशी खाडीकडच्या गावातली. ती रोज फडकं मारताना विचारायची, "आजी, पाहुने कवा येनार? सोफा नुस्ता पुसून ठेवतंय मी."

"संध्याकाळी येतील गं."

"कालबी संध्याकाळीच येनार हुते."

बंगळुरूच्या मुलाला मी फोनवर सांगितलं, छोटंसं ऑपरेशन आहे, येऊ नकोस, विमा आहे, सगळं मिळतं. हे 'सगळं मिळतं' मला चांगलंच महागात पडणार होतं. मुलाचं म्हणणं कित्येक दिवस एकच होतं: फ्लॅट भाड्याने दे आणि इकडे ये. मी म्हणायचे, माझं मी बघते. माझं मी बघते म्हणणाऱ्या बाईचे पैसे अडकले, की ती बघत नाही हे सिद्ध होतं.

बिल एक लाख चव्वेचाळीस हजार झालं. आमच्या विमा कंपनीच्या यादीत हे हॉस्पिटल नव्हतं, म्हणून आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. मी एक एफडी मोडली. राहिलेल्या एफडीच्या व्याजावर सोसायटीचा मेन्टेनन्स, लाईट आणि औषधं चालतात, तिला हात लावायचा नाही असं ठरलेलं.

कागद पाठवले. प्लेटच्या डब्यावरचं स्टिकरसुद्धा बिलाला चिकटवून दिलं. महिन्याभराने खात्यात सत्तर हजार आले. निम्म्यालासुद्धा दोन हजार कमी.

मला वाटलं उरलेले पुढच्या हप्त्यात येतील. टीव्ही घेतल्यासारखं. आठवडाभर मी बँकेचा मेसेज बघत बसले. मग रागाने पत्र लिहिलं. चार पानी. त्यात आमची एकोणीस वर्षं न चुकता भरलेली पॉलिसी होती, यांचं आजारपण होतं, सरकारी नोकरीत मी कधी कुणाचा चहा प्यायले नाही हे होतं, आणि शेवटी 'देव बघतो आहे' होतं. पत्र लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की पैसे नाही आले तरी चालतील. त्यांनीही माझी इच्छा ओळखली. दोन ओळींचं उत्तर आलं: आपला दावा पॉलिसीच्या अटींनुसार निकाली काढण्यात आला आहे.

ती पॉलिसी काढून वाचायची हे तेव्हाही मला सुचलं नाही. मी बेलापूरला त्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरवर पस्तिशीतली बाई होती, डबा अर्धा उघडलेला.

"काकू, तुमची रूम लिमिट तीन हजार आहे. तीन लाखांच्या विम्याचा एक टक्का, दिवसाला. तुम्ही घेतली सहा हजारांची."

"मग रोजचे तीन हजार कापा ना. बाकीचं का कापलंत?"

"रूम दुप्पट घेतली की बाकीचे चार्जेसपण त्या प्रमाणात. प्रपोर्शनेट. म्हणून अर्धे."

"सगळेच?"

"सगळेच."

"म्हणजे माझ्या हातात अर्धी प्लेट बसवलीय?"

ती हसली नाही. डब्यातली पोळी गार होत होती. पण मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. सर्जन माणूस आहे, सिंगल रूमवाल्याकडून जास्त घेत असेल. पण प्लेटला काय माहीत मी कुठे झोपले होते?

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर गेले आणि विचारलं, खोली बदलली तर कुठकुठले चार्जेस बदलतात? तिथल्या माणसाने दरपत्रकाची झेरॉक्स काढून दिली. सर्जन, भूल देणारे, ऑपरेशन थिएटर: ट्विनला एक दर, सिंगलला जास्त. औषधं, तपासण्या, प्लेट: एकच दर. "ते सगळ्यांना सेम, आजी," म्हणाला.

मग मी पॉलिसी काढली. ती कपाटात यांच्या स्वेटरखाली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेली. चष्मा लावून, पट्टी धरून, एकेक ओळ. त्यात 'संलग्न वैद्यकीय खर्च' अशी एक व्याख्या सापडली. खोली जास्त भाड्याची घेतली तर प्रमाणात कापायचे ते फक्त हे संलग्न खर्च. आणि त्याच व्याख्येत पुढे स्पष्ट लिहिलेलं: औषधं व वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवलेली वस्तू आणि तपासण्या यांत धरू नयेत. ही ओळ एकोणीस वर्षं माझ्या घरात, स्वेटरखाली होती की नंतर कधी नूतनीकरणात आली, देव जाणे. दरवर्षी येणारा लिफाफा मी फोडायचे तो फक्त प्रीमियम किती वाढला ते बघायला.

त्या रात्री टीव्ही लावला नाही. घरात कुणाशी बोलायचं नसलं की एक फायदा असतो, वाक्य मोठ्याने म्हणून बघता येतं. दुसरं पत्र मी असं म्हणून म्हणून लिहिलं. आईसारखं नव्हे, क्लार्कसारखं. तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या नावाने, दाव्याचा क्रमांक घालून, बिलातलं एकेक हेड, म्हणजे खर्चाची एकेक बाब, खाली खाली.

खोलीभाडं अठरा हजार. मर्यादेप्रमाणे नऊ मान्य, वजावट मला मंजूर. सर्जन, भूल आणि थिएटर साठ हजार. हॉस्पिटलचे दर खोलीप्रमाणे बदलतात, दरपत्रक सोबत, म्हणून निम्मी वजावट मंजूर. हातमोजे, किट, नोंदणी वगैरे चार हजार. पॉलिसीत न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहेत, मंजूर. प्लेट बत्तीस हजार, औषधं व साहित्य अठरा हजार, तपासण्या बारा हजार. या तिन्हींना प्रमाणशीर वजावट व्याख्येनुसार लागू होत नाही, तरी ती केली आहे. सबब एकतीस हजार येणे बाकी. मुदतीत उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाईन.

'मंजूर, मंजूर' लिहिताना मला फार त्रास झाला. चार पानी पत्रात माझी एकही चूक नव्हती, या एका पानात तीन होत्या. खोलीभाड्याच्या हेडपुढे एक ओळ जास्तीची लिहिली. ती खोडावी की ठेवावी, बराच वेळ पेन टेकवून बसले. शेवटी ठेवली: 'भेटायला माणसे येतील या अंदाजाने मी ही खोली स्वतः निवडली. अंदाज चुकला. यास कंपनी जबाबदार नाही.'

पत्र ईमेलनेही गेलं आणि रजिस्टर पोस्टानेही, कारण पोस्टात पावती मिळते आणि खिडकीतली बाई दोन शब्द बोलते.

मुदत संपायच्या आत कंपनीतून एका मुलाचा फोन आला. "मॅडम, तुमचा क्लेम रिव्ह्यू केलाय. इम्प्लांट, फार्मसी आणि डायग्नोस्टिक्सवरची वजावट काढतोय."

"म्हणजे प्लेट पूर्ण बसली?"

"हो मॅडम, पूर्ण," म्हणाला, आणि हा हसला. मी त्याला अजून दोन-तीन गोष्टी विचारल्या. उत्तरं मला माहीत होती.

एकतीस हजार आले. म्हणजे सिंगल रूम मला एकोणचाळीस हजारांना पडली आणि वर हातमोजे. राहिलेली एफडी मोडावी लागली नाही. मी लगेच फुशारकीने मुलाला व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या पत्राचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, बघ, तुझी आई कशी लढते, आता फ्लॅटचं नाव काढायचं नाही. ती जास्तीची ओळ त्यात आहे हे पाठवल्यावर आठवलं. डिलीट करायला गेले तर निळ्या खुणा आलेल्या.

फोन यायला बराच वेळ लागला. मी तोवर भांडी घासली, एका हाताने कशी घासायची ते आता जमतं. फोन आला तेव्हा आधी तो पैशांविषयी बोलला, शाबासकी दिली, कुठलं हेड कसं सुटलं ते विचारलं. मी रंगवून सांगितलं, काउंटरवरच्या बाईची पोळीसुद्धा सांगितली. तो हसला. फ्लॅटचा विषय त्याने काढला नाही. मग लाईन कटली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे मी," तो म्हणाला. "आई, त्या कंपनीच्या माणसाला तू जे लिहिलंस, ते मला का नाही लिहिलंस? मलाही असंच लिहीत जा. हवं तर हेड पाडून लिही, मला चालेल."