निजामभाईंनी देविकाला वाचून दाखवलेला कागद

आमच्या नात्यात मुलगी लग्नाची झाली की पहिला फोन मला येतो. मी राघवेंद्र, नांदेडच्या एका शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. बायोडाटा लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नाही असं माझं मत आहे आणि बायकोचं नाही. आजवर पंचवीसेक मुलींचे बायोडाटे मी लिहिले. ‘सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, गायनाची आवड’ इथपर्यंत तर माझं पेन आपोआप चालतं.

गेल्या वर्षी नांदेडातच राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या, सौदामिनीच्या मुलीसाठी स्थळ आलं. मुलगी देविका, लातूरला शाळेत शिक्षिका. मुलगा श्रीनाथ, कॅनडात इंजिनिअर. त्याचे आईवडील मूळचे उदगीरचे, पण मुलगा लहानपणीच तिकडे गेलेला. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून बायोडाटा इंग्रजीत हवा होता. वर निरोप असा की शिक्षण सालासकट लिहा.

माझं इंग्रजी पत्ता लिहिण्यापुरतं. भाचा म्हणाला, मोबाइलवर टाका, होऊन जाईल. झालं खरं, पण त्यात ‘देवगण’ या शब्दाचं जे काही झालं ते वाचून माझी बायको खुर्चीवरून पडायची राहिली. शेवटी मी निजामोद्दीनकडे गेलो.

निजामभाईंचं दुकान कोर्टाजवळच्या गल्लीत. सत्तरीचा माणूस, शिडशिडीत, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा. तरुणपणी निजामाच्या काळातले उर्दू कागद मराठीत करून द्यायचे. त्या कागदांचं काम कमी झालं तसं इंग्रजी धरलं. कॉम्प्युटरवर मुलगा मोहसीन बसतो आणि भाई शेजारच्या स्टुलावर बसून सांगतात. गोत्र, शाखा, नाडी, कुलदैवत यांची इतकी माहिती की आमच्या पुरोहितांनी शंका विचारायला यावं.

माझा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि लाल पेन काढलं. पंचवीस बायोडाट्यांत माझ्या लिखाणाला लाल पेन लागलं नव्हतं.

“सर, ‘वर्ण निमगोरा’ काढून राहिलो. तिकडं असं लिवलं तर लोक वाईट मानतेत.”

“काढा.”

“नाडी, गण इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं ठेवतो. ज्याला कळतं त्याला कळतंय. कुलदैवत माहूरची रेणुकामाता, ते बी ऱ्हाऊ द्या. नातेसंबंधात तुम्ही सतरा आडनावं लिवलीत. उदगीरच्या माणसाला त्यातून घराणं कळतं, तिकडं वाढलेल्या पोराला काय कळावं? आईकडचे तिघं मामा, तिघं बी शिक्षक, एवढं बस झालं.”

माझी सतरा आडनावं एका ओळीत मेली.

“आता वडील. ‘वाहतूक व्यावसायिक’. हे इंग्रजीत गेलं म्हंजे त्यांना वाटंल दहा-वीस ट्रक हायत. उद्धवरावाची एक स्कूल व्हॅन हाय. मी लिवतो, स्वतःची स्कूल व्हॅन, स्वतः चालवतात. यात कमीपणा कसला?”

उद्धवराव म्हणजे माझे मेहुणे. कमीपणा त्यात नव्हता, तो पुढे होता. निजामभाईंनी कोऱ्या कागदावर सालं एकाखाली एक मांडली. बारावी २०१४. बी.ए. २०२०. बी.एड. २०२२. मराठी बायोडाट्यात आम्ही नुसत्या पदव्या लिहितो, सालं कोण विचारतो? इंग्रजीत ती रांगेनं आली आणि मधलं भगदाड उघडं पडलं.

“चौदा ते वीस, सहा साल. बी.ए.ला तीन लागतेत. पोरगी काय करत होती?”

उत्तर मी घरूनच घेऊन गेलो होतो. “स्पर्धा परीक्षेची तयारी.”

निजामभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “सर, माझी नात मनतशा तीन साल देविकाच्या गाडीत शाळेला गेली.”

मोहसीन स्क्रीनकडे तोंड करून हसत होता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

खरं होतं ते असं. देविका बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना उद्धवरावांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली. घर त्या व्हॅनवर चालायचं. पोरीनं कॉलेज सोडलं, रीतसर लायसन्स काढलं, प्रवासी गाडीचा बॅज काढला आणि पंधरा पोरांना घेऊन तीन वर्षं व्हॅन चालवली. त्यातच मुक्त विद्यापीठातून बी.ए. सुरू केलं. पुढे वडील सावरले, गाडी परत त्यांनी घेतली आणि ही बी.ए. संपवून बी.एड.ला गेली. मी त्या तीन वर्षांत चौकात तिची व्हॅन दिसली की दुसऱ्या गल्लीनं जात असे. आता लिहायला लाज वाटते, तेव्हा जायला वाटत नव्हती.

“हे लिहिलं तर स्थळ जाईल,” मी म्हणालो. “आम्ही चार वर्षं स्थळं बघतोय, निजामभाई. एकोणतीस पूर्ण झालीत तिला. इतकं चांगलं घर पुन्हा येणार नाही.”

“खोटं लिवलं तर मोडायला जास्त सोपं जातं, सर. कोणती परीक्षा, किती वेळा दिली, असं पोरानं विचारलं तर? तुम्ही हाव का तिथं उत्तर द्यायला?” मग पेन खाली ठेवून म्हणाले, “पण कागद माझा न्हाई आन् तुमचाबी न्हाई. माझा एक कायदा हाय. ज्याच्या नावाचा कागद, त्याला मराठीत वाचून दाखवल्याबिगर मी छापत नाही. रविवारी पोरीला घेऊन या. तुमची ओळ मी तशीच ठेवतो.”

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरीकडे जायचं म्हटलं तर नाडी-गणाचा पुन्हा तोच तमाशा झाला असता. रविवारी देविका लातूरहून आली आणि उद्धवरावही सोबत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

निजामभाईंनी इंग्रजी कागद हातात धरून एकेक ओळ मराठीत वाचली. देविका मान डोलवत ऐकत होती. ‘दोन हजार सोळा ते एकोणीस, स्पर्धा परीक्षेची तयारी’ हे वाक्य आलं आणि तिची मान थांबली.

“मामा, ही कोण?” तिनं विचारलं.

मी दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत होतो. उत्तर उद्धवरावांनी दिलं, माझ्याकडे न बघता. “माझ्या आजारानं तुझं कॉलेज गेलं, हे लपवायचं असेल तर लपव बाई. माझी काही तक्रार नाही.”

“बाबा, तुमच्या आजारानं कॉलेज गेलं, पण मी गाडी चालवायला शिकले ते कुठे लपवू?” देविका हसत निजामभाईंकडे वळली. “चाचा, लिहा. वडिलांच्या आजारपणात घरची स्कूल व्हॅन तीन वर्षं चालवली. पोरं पंधरा, अपघात शून्य.”

“अपघाताचं नगं,” निजामभाई म्हणाले. “तेवढं भेटीत सांगायला ऱ्हाऊ दे. आन् बी.एस्सी. ‘अपूर्ण’ असं मी लिवत न्हाई. ‘दुसऱ्या वर्षापर्यंत’ लिवतो. खरं तेच, फक्त दार आपटून लावल्यावानी वाटू नये. मुक्त विद्यापीठाच्या पुढं ‘राज्य शासनाचं’ हे बी घालतो, तिकडच्यांना माहीत नसतं.”

मुलाच्या कागदातली सालंही बघायची राहिली, ही माझी चूक तिथेच माझ्या लक्षात यायला हवी होती. आली नाही. कागद गेला आणि पाच दिवस तिकडून काहीच उत्तर नाही. पाचही दिवस मी निजामभाईंच्या नावानं बोटं मोडली. सौदामिनीला म्हणालो, बघ, खरं बोलायची हौस. तिनं मला जेवायला वाढलं, पण पोळीवर तूप घातलं नाही.

सहाव्या दिवशी निरोप आला, रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करू. आपली सकाळ, त्यांची शनिवारची रात्र. सौदामिनीच्या बैठकीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. समोर श्रीनाथ आणि त्याची आई राजश्रीबाई. बाई म्हणाल्या, उशीर झाला, याला कामाच्या पाळ्या होत्या. मग त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला.

पोरानं पगार विचारला नाही, उंची विचारली नाही. “तुम्ही कधी एखादं मूल विसरलात का?” हा त्याचा पहिला प्रश्न.

“एकदा,” देविका म्हणाली. “पण विसरले नव्हते. तो सीटखाली झोपला होता. पोरं मोजली तर चौदा. पाठीमागे जाऊन शोधला. तेव्हापासून उतरताना आधी सीटखाली बघायचं आणि मग मोजायचं.”

पोरगा खदखदून हसला. मग म्हणाला, “माझ्या कागदातही एक जागा रिकामी आहे. शाळा दोन हजार अकराला संपली, डिग्री एकदम सतराला. इंजिनिअरिंगमध्ये दोन विषय राहिले, मी कॉलेज सोडलं आणि दोन वर्षं एका बेकरीत पहाटे पाव भाजले. मग परत गेलो. आईनं ते लिहू दिलं नाही. आणि तुमच्याकडून कोणी विचारलंही नाही.”

राजश्रीबाईंनी कपाळाला हात लावला. इकडे सगळे माझ्याकडे बघत होते. श्रीनाथचा कागद मी दहादा वाचला होता. गोत्र तपासलं, पगाराला बारानं गुणलं, घराचा फोटो मोठा करून बघितला. सालं वाचली नव्हती. मुलगा होता आणि कॅनडात होता, म्हणून भगदाड दिसलंच नाही. भाचीचं मात्र बोट घालून बुजवत बसलो होतो.

कॉल तासभर चालला. शेवटी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून ती दोघं बोलली. दिवाळीत ते लोक आले, भेटी झाल्या आणि साखरपुडा नांदेडलाच झाला. जेवणाच्या पंगतीत निजामभाईंना उद्धवरावांनी स्वतःच्या शेजारी बसवलं. मी वाढायला होतो. त्यांना जिलेबीचा आग्रह केला, चार खाल्ल्या त्यांनी.

साखरपुड्याहून घरी आलो आणि कपाटातून जुनी फाइल काढली. पंचवीस मुली. त्यातल्या एकीलाही मी कधी वाचून दाखवलं नव्हतं, की बाई, तुझ्याबद्दल मी असं लिहिलंय, चालेल का? सगळ्यात वर माझ्या मुलीचा, समीक्षाचा बायोडाटा होता. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, सासर पुण्याचं. मी तिला फोन लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. ‘गायनाची आवड’ आलं तेव्हा ती हसली.

“बाबा, त्या ओळीमुळे पहिल्याच गौरींना मला वीस बायकांसमोर गायला बसवलं होतं.”

“मग? काय केलंस?”

“गायले. दोन कडवी, बेसूर. नंतर मोरीत जाऊन रडले.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही किती हौसेनं लिहिलं होतं,” समीक्षा म्हणाली.

मी तिला म्हटलं, पुढचं वाचतो, चुकलं असेल तिथे थांबव. तिनं मला नऊ ठिकाणी थांबवलं.